तिघांतला मधला वर: एव्हीएल झाड आपला तोल कसा राखतं

१. क्रमाने आलेली यादी झाडाला का जड जाते?

शोधझाडाची ओळख झाली की वाचक हमखास एक प्रश्न विचारतात. माहिती आधीच चढत्या क्रमाने लावलेली असेल, तर संगणकाचं काम सोपं व्हायला हवं. मग तीच माहिती झाडात भरली की शोध इतका मंदावतो कसा? प्रश्न रास्त आहे, आणि एव्हीएल झाडाची गरज का पडली हे त्याच्या उत्तरातूनच कळतं.

शोधझाडाचा नियम आधी उजळून घेऊ. प्रत्येक नोडमध्ये एक आकडा असतो. त्याच्याहून लहान असलेले सगळे आकडे त्याच्या डावीकडच्या फांदीत आणि मोठे सगळे उजवीकडच्या फांदीत राहतात. संगणकातलं झाड उलटं काढतात, मूळ वर आणि फांद्या खाली. शोधायचं तर मुळापासून निघायचं. हवा असलेला आकडा लहान असेल तर डावीकडे उतरायचं, मोठा असेल तर उजवीकडे. नवा आकडा घालतानाही हीच वाट धरायची आणि जिथे पुढे काहीच नाही तिथे त्याला टांगायचं. एकदा जागा मिळाली की साध्या शोधझाडात तो तिथून कधी हलत नाही.

आता १०, २५, ३२, ४० अशा चढत्या क्रमाने आकडे येऊ लागले तर काय होईल? २५ हा १० पेक्षा मोठा, म्हणून उजवीकडे जाईल. ३२ त्याच्याही उजवीकडे, ४० आणखी उजवीकडे. डावीकडे जायची वेळ कोणावरच येत नाही. झाडाला फांद्याच फुटत नाहीत, नुसती एक लांब साखळी तयार होते. शेवटचा आकडा शोधायचा तर आधीचे सगळे ओलांडावे लागतात. यादी क्रमाने आलेली आहे हे झाडाला ठाऊकच नसतं. ते पहिल्या आकड्याला मूळ मानून बसलेलं असतं, आणि तो तर सगळ्यात लहान निघतो.

असं क्वचितच घडत असेल अशी समजूत करून घेऊ नये. ग्रंथालयातले दाखल क्रमांक, दुकानातले पावती क्रमांक, बँकेतल्या व्यवहारांच्या वेळा हे सगळं वाढत्या क्रमानेच येतं. दहा लाख नोंदींचं छान पसरलेलं झाड असेल तर ते २० मजल्यांत मावतं, म्हणजे कोणतीही नोंद २० तुलनांच्या आत सापडते. साखळी झाली तर हाच आकडा दहा लाखांवर जातो. माहिती तीच, नियमही तोच; फरक फक्त झाडाच्या आकाराचा.

१९६२ साली मॉस्कोतल्या दोन गणितज्ञांनी, गिओर्गी अडेल्सन-वेल्स्की आणि येवगेनी लांडिस यांनी, यावरचा उपाय एका छोट्या शोधनिबंधात मांडला. भरताना स्वतःचा तोल स्वतःच सावरणारं ते पहिलं शोधझाड. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला एव्हीएल म्हणतात. यातल्या अडेल्सन-वेल्स्की यांचं नाव बुद्धिबळाच्या संगणकीय इतिहासातही येतं. १९७४ साली स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा ‘काइसा’ या सोव्हिएत प्रोग्रॅमने जिंकली, त्याच्या कर्त्यांपैकी ते एक होते.

२. अगदी काटेकोर तोल का मागत नाहीत?

झाड पसरट हवं हे पटलं की पुढचा विचार सहज सुचतो: मग ते नेहमी शक्य तितकं पसरटच ठेवावं, प्रत्येक मजला पूर्ण भरल्याशिवाय खाली उतरू नये. ऐकायला हे छान वाटतं, पण त्याची किंमत फार मोठी आहे. एका छोट्या झाडावर ती दिसते.

```
        ५                      ४
      /   \                  /   \
     ३     ७       →        २     ६
    / \   /                / \   / \
   २   ४ ६                १   ३ ५   ७
```

डावीकडच्या झाडात २ ते ७ हे सहा आकडे आहेत. वरचे मजले भरलेले, खालचा डावीकडून भरत आलेला. आता त्यात १ घालायचा आहे. काटेकोर तोल हवा असेल तर सात आकड्यांना तीन मजले पुरतात, आणि तसं झाड एकाच प्रकारे बनतं, ते म्हणजे उजवीकडचं. दोन्ही झाडं ताडून पाहा. जुन्या सहा आकड्यांपैकी एकही आपल्या जागेवर राहिलेला नाही. एक आकडा आत आला आणि सगळ्यांना उठावं लागलं. दहा लाख नोंदी असतील तर प्रत्येक नव्या नोंदीला ही उठाठेव परवडणार नाही.

अडेल्सन-वेल्स्की आणि लांडिस यांनी इथे थोडी सूट दिली. कोणत्याही नोडच्या डाव्या आणि उजव्या फांदीच्या उंचीत एकाचा फरक चालेल, त्याहून जास्त नाही. या नियमाने पाहिलं तर वरच्या डाव्या झाडात १ हा २ च्या डावीकडे नुसता टांगला की काम झालं. एक चौथा मजला तयार होतो, पण नियम कुठेच मोडत नाही आणि कोणालाही हलावं लागत नाही. एवढीशी सूट सगळं व्यवहारात आणते.

३. बॅलन्स फॅक्टर

ही सूट मोजण्यासाठी प्रत्येक नोडला एक आकडा जोडतात, त्याला बॅलन्स फॅक्टर म्हणतात. त्याआधी उंची म्हणजे काय ते ठरवू. रिकाम्या जागेची उंची ०. एकट्या, मुलंबाळं नसलेल्या नोडची उंची १. बाकी कोणत्याही नोडची उंची म्हणजे त्याच्या दोन फांद्यांपैकी जी जास्त उंच आहे तिची उंची अधिक १.

बॅलन्स फॅक्टर म्हणजे डाव्या फांदीची उंची वजा उजव्या फांदीची उंची. काही पुस्तकं उजवीतून डावी वजा करतात. त्याने चिन्हं उलटतात, बाकी काही बदलत नाही. फक्त दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचताना हे लक्षात असू द्यावं. आपल्या हिशेबात अधिक चिन्ह म्हणजे झाड डावीकडे कललेलं, उणे म्हणजे उजवीकडे. +१, ० आणि −१ हे तीन आकडे चालतात. +२ किंवा −२ दिसला की दुरुस्ती करायची. आपण एका वेळी एकच आकडा घालतो आणि त्याने उंची फार तर एकाने वाढते, म्हणून चांगल्या झाडात फरक एकदम ३ वर कधीच जात नाही.

कावडीचा तोल बघताना आपण दोन्हीकडचं वजन बघतो. इथे मात्र वजनाला, म्हणजे किती आकडे आहेत त्याला, किंमत नाही. एका फांदीत सात आकडे आणि दुसरीत चारच असले, पण दोन्ही तीन मजल्यांच्या असल्या, तर बॅलन्स फॅक्टर शून्यच. शोधाला लागणारा वेळ मजल्यांवर ठरतो, आकड्यांच्या संख्येवर नाही, म्हणून मोजायचे ते मजले.

४. फिरवणं म्हणजे नेमकं काय?

तोल गेला की झाड फिरवतात. याला रोटेशन म्हणतात. शब्द ऐकून सगळं झाड गरगर फिरेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात दोन-तीन दुवे बदलतात, इतकंच.

```
        ४०                  २५
       /  \                /  \
     २५    ५५     →      १०    ४०
    /  \                      /  \
  १०    ३२                  ३२    ५५
```

हे ४० भोवती उजवीकडे फिरवणं झालं. २५ वर आला, ४० त्याच्या उजव्या हाताला खाली उतरला. १० आणि ५५ आपापल्या पालकांबरोबरच राहिले. मात्र ३२ चे पालक बदलले: आधी तो २५ च्या उजवीकडे होता, आता ४० च्या डावीकडे आहे. हे आपोआप सुचत नाही, म्हणून इथे थोडं थांबू या. २५ वर गेल्यावर त्याच्या उजव्या जागेवर ४० बसतो, आणि ३२ ला जागा उरत नाही. पण ४० ची डावी जागा नुकतीच रिकामी झालेली असते. ३२ हा २५ पेक्षा मोठा आणि ४० पेक्षा लहान आहे, म्हणजे त्या रिकाम्या जागेवर बसायला तो नियमाने पात्र आहे. ३२ च्या ठिकाणी अख्खी मोठी फांदी असती तरी हेच झालं असतं, कारण त्या फांदीतला प्रत्येक आकडा २५ आणि ४० यांच्या मधलाच असणार. फांदी आतून उघडावीही लागत नाही, ती जशीच्या तशी उचलून दुसरीकडे लावायची.

दोन्ही झाडं डावीकडून उजवीकडे वाचून पाहा: १०, २५, ३२, ४०, ५५. क्रम तोच राहिला. फिरवल्याने झाडाचा आकार बदलतो, क्रम बदलत नाही. डावीकडे फिरवणं म्हणजे हाच प्रकार उलट दिशेने. वरच्या चित्रातला बाण उलटा वाचला की झालं.

पायथनमध्ये लिहिलं तर ते इतकंच आहे:

```
def rotate_right(y):
    x = y.left
    y.left = x.right
    x.right = y
    update_height(y)
    update_height(x)
    return x
```

शेवटच्या तीन ओळींकडे जरा नीट बघायला हवं. आधी खाली उतरलेल्या नोडची उंची नव्याने काढायची, मग वर चढलेल्याची, कारण वरच्याची उंची खालच्यावर अवलंबून आहे. हा क्रम उलटला तर उंची चुकीची नोंदली जाते आणि चूक तेव्हा दिसतच नाही. चारदोन आकडे घातल्यावर भलत्याच ठिकाणी झाड फिरू लागतं. आणि `return x` चं कारण असं की ज्या पालकाला y चिकटलेला होता, त्याला आता x जोडून द्यावा लागतो. तो जोडायचा राहिला तर x आणि त्याची सगळी डावी फांदी झाडातून गळून पडते.

५. सात आकडे, चारही प्रकार

आता एक झाड शून्यापासून वाढवू. आकडे या क्रमाने येतील: ४०, ५५, ७०, २५, १०, ३२, ६०. हा क्रम मुद्दाम निवडला आहे; तोल जाण्याचे चारही प्रकार यात एकेकदा भेटतात. कागद-पेन्सिल घेऊन बरोबर काढत गेलात तर उत्तम.

४० मूळ झाला. ५५ त्याच्या उजवीकडे. ७० आला तो ५५ च्या उजवीकडे. आता खालून वर चढत बॅलन्स फॅक्टर बघायचे. ५५ चा −१, चालेल. ४० ची डावी फांदी रिकामी, उजवी दोन मजली, म्हणून −२. तोल गेला. ४० पासून नव्या आकड्याकडे जाणारी पहिली दोन पावलं कोणती? उजवीकडे, मग पुन्हा उजवीकडे. हा उजवा-उजवा प्रकार. उपाय एकच: ४० भोवती डावीकडे फिरवायचं.

```
  ४०
    \                 ५५
     ५५      →       /  \
       \           ४०    ७०
        ७०
```

पुढे २५ आला आणि ४० च्या डावीकडे बसला. ४० चा बॅलन्स फॅक्टर +१ झाला, ५५ चाही +१. कुठेही नियम मोडलेला नाही, म्हणून हात लावायचा नाही. मग १० आला, २५ च्या डावीकडे. वर चढू: २५ चा +१, ४० ची डावी फांदी दोन मजली आणि उजवी रिकामी, म्हणून +२. मूळ असलेल्या ५५ ची डावी फांदी आता तीन मजली आणि उजवी एक, म्हणजे त्याचाही +२. दोन ठिकाणी तोल गेलेला दिसतोय. दुरुस्ती कुठे करायची? नव्या आकड्याच्या सगळ्यात जवळ, म्हणजे वर चढताना पहिल्यांदा जिथे नियम मोडलेला दिसेल तिथे. इथे तो ४०. त्याच्यापासूनची पावलं डावं, डावं. हा डावा-डावा प्रकार. ४० भोवती उजवीकडे फिरवायचं.

```
       ५५
      /  \
    २५    ७०
   /  \
 १०    ४०
```

आता ५५ कडे पाहा. डावी फांदी दोन मजली, उजवी एक. बॅलन्स फॅक्टर +१. त्याला आपण हातही लावला नव्हता, तरी तो सावरला. याचं कारण सातव्या भागात येईल.

मग ३२ आला. ५५ पेक्षा लहान म्हणून डावीकडे, २५ पेक्षा मोठा म्हणून उजवीकडे, ४० पेक्षा लहान म्हणून त्याच्या डावीकडे. वर चढताना ४० चा +१, २५ चा −१, ५५ चा +२. तोल मुळापाशीच गेला. ५५ पासूनची पहिली दोन पावलं मात्र आता सरळ नाहीत: आधी डावं, मग उजवं. हा डावा-उजवा प्रकार, आणि शिकणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

६. वाकलेल्या वाटेला दोनदा का फिरवावं लागतं?

झाड डावीकडे कललंय ना, मग ५५ भोवती उजवीकडे फिरवून टाकू, असं वाटणं स्वाभाविक आहे. तसं करून पाहू.

```
       ५५                  २५
      /  \                /  \
    २५    ७०     →      १०    ५५
   /  \                      /  \
 १०    ४०                  ४०    ७०
      /                   /
    ३२                  ३२
```

२५ च्या डावीकडे एक मजला, उजवीकडे तीन. बॅलन्स फॅक्टर −२. झाड डावीकडून उचलून उजवीकडे पाडलं, एवढंच झालं. कारण चौथ्या भागातच आहे. फिरवताना मधली फांदी आपले पालक बदलून पलीकडे जाते, पण तिची खोली बदलत नाही. इथे जास्तीचा मजला नेमका त्या मधल्या फांदीतच आहे, ४० आणि ३२ च्या फांदीत. जड फांदी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली.

म्हणून आधी वाट सरळ करायची. २५ भोवती डावीकडे फिरवलं की ४० वर येतो आणि ५५, ४०, २५ अशी डावीकडे जाणारी सरळ ओळ होते. मग ५५ भोवती उजवीकडे फिरवायचं.

```
       ५५                  ५५
      /  \                /  \                ४०
    २५    ७०            ४०    ७०            /    \
   /  \         →      /            →     २५      ५५
 १०    ४०            २५                  /  \       \
      /             /  \               १०    ३२      ७०
    ३२            १०    ३२
```

या दोन हालचालींचा शेवट काय झाला ते पाहा. २५, ४०, ५५ या तिघांत मधला आकडा ४०. तो वर गेला, लहान त्याच्या डावीकडे, मोठा उजवीकडे. मागे वळून आधीचे दोन प्रकार तपासा. ४०, ५५, ७० मध्ये मधला ५५ वर गेला होता. १०, २५, ४० मध्ये मधला २५ वर गेला होता. चार प्रकारांची चार चित्रं पाठ करण्यापेक्षा हे ध्यानात ठेवणं मला कितीतरी सोपं वाटतं: जिथे तोल गेला तो नोड आणि तिथून नव्या आकड्याच्या वाटेवरचे पुढचे दोन, असे तीन आकडे घ्या, त्यांतला मधला वर जाणार. तो मधला सरळ वाटेत दुसरा असतो, म्हणून एका फिरवण्यात वर येतो. वाकलेल्या वाटेत तो तिसरा असतो, दोन पायऱ्या खाली, म्हणून त्याला दोन उड्या लागतात.

वाकलेल्या वाटेत वर जाणाऱ्या आकड्याला स्वतःच्या दोन फांद्या असू शकतात, त्यांचं काय? डावी फांदी डाव्या शेजाऱ्याला जाते, उजवी फांदी उजव्या शेजाऱ्याला. आपल्या झाडात ४० ची डावी फांदी ३२ होती, ती २५ कडे गेली. उजवी रिकामी होती, म्हणून ५५ ची डावी जागा रिकामी राहिली.

आता उरला ६०. ४० वरून उजवीकडे ५५, तिथून उजवीकडे ७०, आणि ६० हा ७० च्या डावीकडे. ७० चा बॅलन्स फॅक्टर +१, ५५ ची डावी बाजू रिकामी आणि उजवी दोन मजली, म्हणून −२. पावलं उजवं, डावं. हा चौथा, उजवा-डावा प्रकार. ५५, ६०, ७० यांतला मधला ६० वर जायचा. आधी ७० भोवती उजवीकडे, मग ५५ भोवती डावीकडे.

```
          ४०
        /    \
      २५      ६०
     /  \    /  \
   १०   ३२  ५५   ७०
```

सात आकडे, तीन मजले, सगळ्यांचा बॅलन्स फॅक्टर शून्य. याहून पसरट झाड सात आकड्यांचं होऊच शकत नाही. पण दर वेळी इतकं सुबक झाड मिळेल असं समजू नका. वेगळ्या क्रमाने आकडे आले असते तर एखादा चौथा मजला राहून गेला असता आणि तेही नियमात बसलं असतं.

प्रोग्रॅमला पावलं आठवत बसावी लागत नाहीत, चिन्हांवरून प्रकार कळतो. तोल गेलेल्या नोडचा +२ आणि त्याच्या जड बाजूच्या मुलाचा +१ असेल तर डावा-डावा. +२ आणि −१ असेल तर डावा-उजवा. −२ आणि −१ म्हणजे उजवा-उजवा, −२ आणि +१ म्हणजे उजवा-डावा. दोन्ही चिन्हं सारखी असतील तर एकदा फिरवायचं, वेगळी असतील तर दोनदा.

७. एकाच ठिकाणी दुरुस्ती का पुरते?

१० आल्यावर ४० आणि ५५ दोघांचाही तोल गेला होता. आपण फक्त ४० पाशी दुरुस्ती केली आणि ५५ आपोआप सावरला. तो योगायोग नव्हता. ४० च्या फांदीची उंची मोजत गेलं की ते कळतं. १० येण्याआधी ती २ होती. १० आल्यावर ३ झाली. फिरवल्यावर पुन्हा २. वरच्या ५५ ला आपल्या मुलाचं नाव बदललेलं दिसतं, पण फांदीची उंची आधी होती तेवढीच आहे, आणि त्याला फक्त उंचीशीच मतलब आहे.

नंतरच्या दोन वेळाही मोजून पाहा. ३२ च्या वेळी मुळाची उंची ३ होती, ४ झाली, दोनदा फिरवल्यावर पुन्हा ३. ६० च्या वेळी ५५ च्या फांदीची उंची २, मग ३, मग पुन्हा २. नवा आकडा घालताना हे नेहमीच असं होतं. म्हणून दहा लाख नोंदींच्या झाडातही एका नव्या नोंदीसाठी एका ठिकाणी, फार तर दोनदा फिरवावं लागतं. पुष्कळदा तेही नाही. वर चढताना एखाद्या नोडचा बॅलन्स फॅक्टर ० झाला तर तिथेच थांबायचं. त्याची आखूड बाजू भरून निघाली, उंची वाढली नाही, मग वरच्यांना कळवण्यासारखं काही उरत नाही.

८. आता मूळ प्रश्नाकडे

१ ते ७ हे आकडे चढत्या क्रमानेच एव्हीएल झाडात घातले तर? साध्या झाडात यांची सात मजली साखळी झाली असती. इथे ३, ५, ६ आणि ७ येतात तेव्हा चार वेळा उजवा-उजवा प्रकार उद्भवतो, चार वेळा डावीकडे फिरवावं लागतं, आणि शेवटी ४ मुळाशी असलेलं नेमकं तीन मजली झाड तयार होतं. दुसऱ्या भागातल्या चित्रात उजवीकडे जे झाड आहे, तेच.

पण नियमातली ती एकाची सूट सगळीकडे घेतली गेली, तर झाड किती उंच होऊ शकेल? हे उलटीकडून मोजणं सोपं जातं: अमुक इतके मजले होण्यासाठी किमान किती आकडे लागतात? एका मजल्याला १, दोन मजल्यांना २. तीन मजली झाडाला एक मूळ हवं, एक फांदी दोन मजली हवी आणि दुसरी निदान एक मजली तरी हवीच, कारण फरक एकाहून जास्त चालत नाही. म्हणजे १ + २ + १ = ४. याच रीतीने पुढे ७, १२, २०, ३३. प्रत्येक आकडा म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज अधिक १. अशी संख्या झपाट्याने फुगते: २९ मजल्यांना किमान १३,४६,२६८ आकडे लागतात. तेव्हा दहा लाख नोंदींचं एव्हीएल झाड कितीही प्रतिकूल क्रमाने भरलं तरी २८ मजल्यांच्या वर जाणार नाही. आदर्श झाडाला २० लागले असते. २० आणि २८ मधला फरक ही त्या सुटीची सगळ्यात जास्त किंमत, आणि ती फारच माफक आहे.

९. चूक झाली तर कशी ओळखावी, आणि हे झाड कुठे तोकडं पडतं

स्वतः प्रोग्रॅम लिहून पाहणाऱ्यांनी दर नव्या आकड्यानंतर दोन तपासण्या कराव्यात. एक, झाड डावीकडून उजवीकडे वाचून यादी चढती येते का आणि तीत सगळे आकडे आहेत का. यादी चढती आहे पण आकडे कमी भरतात, तर मधली फांदी हलवताना गळाली किंवा वर चढलेला नोड पालकाला जोडला गेला नाही. दोन, प्रत्येक नोडची नोंदलेली उंची बाजूला ठेवून ती नव्याने मोजावी आणि ताडावी. यादी बरोबर आणि उंची चुकीची, तर उंची अद्ययावत करण्याचा क्रम उलटला आहे. उंची बरोबर, पण कुठे तरी +२ किंवा −२ उरला असेल, तर बहुधा वाकलेल्या वाटेला एकदाच फिरवलं गेलं.

आकडा काढून टाकताना मात्र सातव्या भागातली हमी टिकत नाही. तिथे फिरवल्याने फांदी आधीपेक्षा एकाने बुटकी होऊ शकते, मग वरच्या नोडचा तोल जाऊ शकतो, तो सावरला की त्याच्या वरच्याचा, असं मुळापर्यंत फिरवत जावं लागू शकतं. शिवाय जड बाजूच्या मुलाचा बॅलन्स फॅक्टर ० असण्याची एक जास्तीची शक्यता तिथे येते. नवा आकडा घालताना ती कधीच येत नाही. मुलाचा बॅलन्स फॅक्टर असा ० असेल तेव्हा एकदाच फिरवायचं असतं, दोनदा नाही.

यामुळेच जिथे नोंदी सतत येत-जात असतात तिथे बरेच लोक लाल-काळं झाड पसंत करतात. जावाच्या `TreeMap` मध्ये तेच आहे. त्याचा तोल जरा सैल असतो, पण नोंद काढताना फिरवण्याचं काम ठरावीक मर्यादेतच राहतं. जिथे भरणं कमी आणि शोधणं जास्त असतं, तिथे एव्हीएलचा आखूडपणा कामी येतो. झेडएफएस या फाइल व्यवस्थेच्या कोडमध्ये ती झाडं आजही आहेत. माहिती डिस्कवर असेल तर मात्र दोन्ही बाजूला ठेवावी लागतात. तिथे प्रत्येक मजला उतरणं म्हणजे डिस्कवरून एक वाचन, आणि २० वाचनंसुद्धा जड होतात. म्हणून डेटाबेसमध्ये एका नोडला दोन नाही, तर शेकडो मुलं असलेलं बी-ट्री वापरतात, आणि ते दहा लाख नोंदी तीन-चार मजल्यांत सामावून घेतं.